पालकाचा हिरवा ठिपका

बिघडलेली प्लेट लांबूनच ओळखू येते. खालच्या पेन्सिलरेषेपासून अर्ध्या उंचीपर्यंत एक हिरवा ओघळ, त्याच्या वर कुठेतरी पिवळी कड, आणि काम संपलं. शेजारी चांगली प्लेट ठेवली, तर ती त्याच पालकाची आहे यावर विश्वास बसत नाही. सगळ्यात वर केशरी-पिवळा ठिपका, त्याखाली करडा, मग निळसर हिरवा, मग पोपटी आणि तळाकडे दोन-तीन पिवळे, सगळे सुटेसुटे. दोन्हीकडे पांढरा थर सारखाच असतो, पानंही सारखी असतात. फरक पडतो दोन गोष्टींनी: प्लेटवरून वर चढणारं द्रावक कोणतं निवडलं, आणि रंगाचा ठिपका कसा दिला.

या तंत्राला थिन लेयर क्रोमॅटोग्राफी म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे टीएलसीच म्हणतात. अकरावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हाच प्रयोग गाळणकागदाच्या पट्टीवर करतात. टीएलसीत कागदाऐवजी काचेवर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो. प्लेटचं खालचं टोक द्रावकात उभं केलं की द्रावक थरातून आपोआप वर चढतं आणि वाटेतला ठिपका सोबत ओढू लागतं. सिलिका मात्र त्यातल्या काही रेणूंना धरून ठेवते. जो रेणू सिलिकेला घट्ट चिकटतो तो मागे राहतो, ज्याला तिचं आकर्षण कमी तो पुढे जातो.

कोण किती चिकटणार, हे रेणूच्या रचनेवरून आधीच सांगता येतं. सिलिकेच्या कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ज्या रेणूत ऑक्सिजन असलेले गट आहेत, त्याला या जोड्या पकडतात. गाजराला केशरी करणारं बीटा-कॅरोटीन पालकातही भरपूर असतं, आणि त्याच्या रेणूत कार्बन व हायड्रोजनखेरीज काहीच नसतं. सिलिकेला धरायला जागाच नाही, म्हणून ते द्रावकाबरोबर जवळजवळ टोकापर्यंत जातं. पालकातलं मुख्य पिवळं द्रव्य लुटेन. त्याचा सांगाडा कॅरोटीनसारखाच, पण दोन्ही टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट. तेवढ्यानेच ते प्लेटच्या खालच्या अर्ध्या भागात अडकतं. व्हायोलाझँथिन आणि निओझँथिन या पिवळ्या द्रव्यांत ऑक्सिजन आणखी जास्त, म्हणून ती आणखी खाली. हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातला फरक एका गटाचा आहे: ‘अ’मध्ये जिथे मिथिल गट आहे, तिथे ‘ब’मध्ये अल्डिहाइड आहे. ‘ब’ला एक ऑक्सिजन जास्त मिळाला, त्यामुळे ते ‘अ’च्या किंचित खाली राहतं. हा ‘किंचित’ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता द्रावक. सिलिकेच्या पकडीला किती ताकदीने विरोध करायचा, एवढाच मूळ प्रश्न. सुरुवात कोणत्याही पुस्तकातला आकडा न बघता करता येते, आणि मला तीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. प्लेटच्या 2 सेंटिमीटर रुंद आणि 8 सेंटिमीटर उंच अशा पाच पट्ट्या कापायच्या. प्रत्येकीवर खालून 1 सेंटिमीटरवर पेन्सिलने हलकी रेघ मारून पालकाच्या अर्काचा एकेक ठिपका द्यायचा. पेनची शाई चालत नाही, कारण तीही रंगद्रव्यांचं मिश्रण असते आणि द्रावकाबरोबर चालू लागते. मग 100 मिलीच्या पाच बीकरमध्ये 10-10 मिली द्रावक घ्यायचं: पहिल्यात नुसतं पेट्रोलियम ईथर, दुसऱ्यात 9 भाग पेट ईथर आणि 1 भाग अ‍ॅसिटोन, तिसऱ्यात 7 भाग आणि 3 भाग, चौथ्यात निम्मं निम्मं, पाचव्यात नुसतं अ‍ॅसिटोन. एवढ्या द्रावकाने बीकरमध्ये साधारण अर्धा सेंटिमीटर पातळी येते, म्हणजे ठिपका द्रावकाच्या वरच राहतो. तो बुडला, तर रंग प्लेटवर चढण्याऐवजी बीकरमध्येच विरघळतो.

पहिल्या पट्टीत हिरवा ठिपका जागचा हलत नाही. नुसतं कॅरोटीन निसटून थोडं वर सरकतं. पेट ईथरच्या रेणूत ऑक्सिजन नाही, त्यामुळे सिलिकेची पकड सोडवायला त्याच्याकडे काहीच नाही. पाचव्या पट्टीत नेमकं उलट होतं. अ‍ॅसिटोन सिलिकेच्या सगळ्या जागा स्वतःच व्यापतं, रंगांना थांबायला जागा उरत नाही आणि सगळे एका हिरव्या पट्ट्यात टोकाशी जाऊन पोचतात. 9:1 मध्ये कॅरोटीन वर आणि बाकी गर्दी खालच्या तिसऱ्या हिश्शात, असं काहीसं दिसतं. निम्म्या-निम्म्यात गर्दी वरच्या अर्ध्यात सरकते. 7:3 च्या आसपास ठिपके प्लेटभर पसरतात, आणि तेच हवं असतं.

मधल्या भागातच ठिपके का हवेत, यालाही कारण आहे. ठिपका किती अंतर गेला, भागिले द्रावक किती अंतर गेलं, हे गुणोत्तर म्हणजे आरएफ. ते शून्याजवळ असेल, तर सगळे रेणू आरंभरेषेवरच अडकलेत. एकाजवळ असेल, तर सगळे द्रावकाबरोबर वाहून गेलेत. दोन्ही टोकांना वेगळं होण्याची संधीच मिळत नाही. महत्त्वाचे ठिपके 0.2 ते 0.8 च्या दरम्यान आले की निवड जमली असं समजायचं.

सिलिकेची पकड आणि द्रावकाची ताकद यांचा हा झगडा पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आला, तो रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. त्याच्यासमोरचा प्रश्न पानाचाच होता. पानातून बाहेर काढलेलं हरितद्रव्य पेट ईथरमध्ये सहज विरघळतं, पण ताज्या पानावर नुसतं पेट ईथर ओतलं तर ते बाहेर निघत नाही. थोडा अल्कोहोल मिसळला की लगेच निघतं. विद्राव्यता हा मुद्दा नाही, पानातल्या पेशीद्रव्याने रंग पृष्ठभागावर धरून ठेवलाय आणि अल्कोहोल ती पकड सोडवतो, असा निष्कर्ष त्याने काढला. मग खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानाचा अर्क सोडून त्याने रंगांचे थर वेगळे केले. यावरचे त्याचे दोन प्रसिद्ध लेख 1906 सालचे. नळीऐवजी काचेवरचा पातळ थर 1938 मध्ये खार्किवच्या इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी वनस्पतींच्या अर्कांसाठीच वापरला, आणि 1950च्या दशकात जर्मनीतल्या एगॉन श्टाल यांनी त्याला आजचं रूप दिलं.

ताकद जमली की निवड संपली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण 7:3 च्या प्लेटकडे जरा जवळून पाहा. पोपटी ठिपक्याच्या खालच्या कडेला पिवळी झालर दिसते. ते लुटेन आहे, हरितद्रव्य ‘ब’च्या अंगावर बसलेलं. अ‍ॅसिटोन थोडं कमी केलं तर दोघं खाली सरकतात, वाढवलं तर दोघं वर जातात, पण जोडी फारशी सुटत नाही. इथे द्रावकाची ताकद बदलून भागत नाही, जात बदलावी लागते.

अ‍ॅसिटोनच्या ऑक्सिजनला समोरच्या रेणूचा हायड्रोजन स्वीकारता येतो, पण स्वतःचा हायड्रोजन देता येत नाही. अल्कोहोलला दोन्ही जमतं. लुटेनवर हायड्रॉक्सिल गट आहेत, हरितद्रव्यावर कीटोन आणि एस्टर आहेत. अल्कोहोलशी या दोघांची देवाणघेवाण सारखी नसते, म्हणून एक जास्त सरकतो आणि दुसरा कमी. वनस्पती रंगद्रव्यांच्या कामात यासाठी एक मिश्रण बराच काळ वापरात आहे: 100 मिली पेट ईथर, 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाव मिली पाणी. त्यात लुटेन हरितद्रव्य ‘ब’च्या स्पष्ट खाली राहतं. एकूण ताकद अ‍ॅसिटोनच्या मिश्रणासारखीच ठेवायला अल्कोहोलचं प्रमाण कितीतरी कमी लागतं, हेही लक्षात घ्यायला हवं. 30 टक्के अ‍ॅसिटोन होतं म्हणून 30 टक्के अल्कोहोल घातलं, तर सगळं वर वाहून जाईल.

तेव्हा ‘पानांच्या रंगांसाठी सर्वोत्तम मोबाइल फेज कोणती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाला दाखवायची असतील, तर पेट ईथर-अ‍ॅसिटोन 7:3 पुरेसं आहे. पिवळी द्रव्यं मोजायची असतील, तर अल्कोहोलवालं मिश्रण घ्यावं. कॅरोटीनच्या दोन भावंडांमधला फरक बघायचा असेल, तर या दोन्हींचा उपयोग नाही, कारण कॅरोटीनं दोन्हींत टोकाला जाऊन चिकटतात.

एवढं सगळं नीट जमवूनही प्लेट ओघळते, आणि माझ्या मते दहातल्या आठ वेळा दोष मोबाइल फेजचा नसतो. तो आधीच, ठिपका देताना झालेला असतो.

नेहमीची पद्धत अशी: पालकाची पानं अ‍ॅसिटोनमध्ये वाटायची, गाळायची आणि त्या गर्द हिरव्या पाण्यात कॅपिलरी बुडवून प्लेटवर ठिपका द्यायचा. यात काय चुकतं ते हिशेबाने पाहू. पालकाच्या वजनातला सुमारे 90 टक्के भाग पाणी असतो. 5 ग्रॅम पानं 10 मिली अ‍ॅसिटोनमध्ये वाटली, तर त्यात पानांचं साडेचार मिली पाणी उतरतं. म्हणजे आपण ज्याला अ‍ॅसिटोनचा अर्क म्हणतो, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी असतं. असा थेंब प्लेटवर लवकर वाळत नाही. मागे राहिलेलं पाणी सिलिकेच्या त्या भागाची पकड बिघडवतं, आणि पेट ईथर त्या ओल्या जागेत नीट शिरत नाही.

दुसरी अडचण त्याहून बारीक आहे. ज्या क्षणी थेंब प्लेटला टेकतो, त्या क्षणी क्रोमॅटोग्राफी सुरू होते. वर नाही, चारी दिशांना. अ‍ॅसिटोन हे सिलिकेवर ताकदवान द्रावक. ते गोल पसरताना रंगाला सोबत घेऊन कडेला नेऊन टाकतं. भिंगातून पाहिलं तर ठिपक्याच्या मध्ये फिकट जागा आणि भोवती गर्द हिरवी कडी दिसते. आता हीच कडी वर चढायला लागली, की तिची वरची कमान आणि खालची कमान वेगवेगळ्या ठिकाणाहून निघालेली असतात. ठिपका 6 मिलिमीटर रुंद असेल, तर एकाच द्रव्याचे रेणू 6 मिलिमीटर मागेपुढे राहून प्रवास करतात. हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातलं अंतर 8 सेंटिमीटरच्या प्लेटवर तीनेक मिलिमीटरच पडतं. मग ते वेगळे दिसणार कसे? ठिपका 2 मिलिमीटरच्या आत ठेवा, असं शिक्षक सांगतात, त्यामागचं गणित हे.

म्हणून ठिपक्यासाठीचं द्रावक मोबाइल फेजपेक्षा कमजोर असावं आणि झटकन उडणारं असावं. पालकाच्या बाबतीत पेट ईथरच हे काम करतं. रंग त्यात विरघळतात, पण त्याच्या जोरावर प्लेटवर पसरत नाहीत. अ‍ॅसिटोनमधून पेट ईथरमध्ये रंग आणायचे कसे, ते पायरीपायरीने सांगतो.

पानांच्या शिरा काढून 5 ग्रॅम पातं घ्यावं. खलात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडी स्वच्छ वाळू घालून 10 मिली अ‍ॅसिटोनबरोबर भराभर वाटावं. कॅल्शियम कार्बोनेट का, ते पुढे येईल. अर्क कापसातून गाळून सेपरेटिंग फनेलमध्ये घ्यावा, त्यात 10 मिली पेट ईथर आणि वर 20 मिली मिठाचं पाणी घालावं. फनेल जोराने हलवू नये, नुसतं हलकेच फिरवावं. जोरात हलवलं तर साबणासारखा फेस होतो आणि दोन थर तासभर वेगळे होत नाहीत. थांबल्यावर रंग वरच्या पेट ईथरमध्ये जातो आणि खाली फिकट, गढूळ पाणी राहतं. खालचं पाणी काढून टाकून वरचा थर साध्या पाण्याने दोनदा धुवावा. उरलेलं अ‍ॅसिटोन त्यात निघून जातं. मग निर्जल सोडियम सल्फेट टाकावं. सुरुवातीला त्याचे गोळे होतात, कारण ते पाणी शोषत असतं. बाटली हलवल्यावर दाणे मोकळे सरकायला लागले, की पाणी संपलं असं समजावं. फनेल नसेल, तर मोठ्या परीक्षानळीत ड्रॉपरने थर उचलूनही हे होतं. शेवटी पेट ईथर कोमट पाण्यावर ठेवून मिलिभर उरेल इतकं आटवावं, तेही अंधारात आणि जवळपास बर्नर नसताना. पेट ईथरची वाफ जड असते, टेबलावरून पसरत जाऊन दूरच्या ज्योतीवरही पेट घेते.

पालकाच्या एका ग्रॅम पानात साधारण एक मिलिग्रॅम हरितद्रव्य असतं. 5 ग्रॅमचं हरितद्रव्य एका मिलीत आलं, तर दर मायक्रोलिटरमध्ये सुमारे 5 मायक्रोग्रॅम. डोळ्याला दिसायला तेवढं भरपूर आहे. म्हणून बारीक कॅपिलरीचे दोन-तीन स्पर्श पुरेत. बाजारातली मेल्टिंग पॉइंटची नळी या कामाला फार जाड असते. ती ज्योतीवर मऊ करून खेचली की केसासारखी बारीक होते, ती मोडून वापरायची. मात्र हे काम पेट ईथरची बाटली उघडण्याआधी, वेगळ्या खोलीत. नळी प्लेटवर दाबायची नाही. टोक थराला जेमतेम टेकलं की सिलिका आपण होऊन द्रव ओढून घेते. दाबली तर थरात खड्डा पडतो, द्रावक त्याला वळसा घालून जातं आणि ठिपका वर चढताना त्याला शेपटी फुटते. प्रत्येक स्पर्शानंतर ठिपका पूर्ण वाळू द्यायचा. ओल्यावरच दुसरा थेंब दिला, तर थेंबांचं एक तळं होऊन ते पसरतं. गार हवेचा पंखा चालतो, गरम हवेचा नाही, कारण तापल्यावर रंग खराब होतात.

किती स्पर्श द्यायचे हे ठरवायला एकाच प्लेटवर तीन जागा करा: एकीवर 1 स्पर्श, दुसरीवर 3, तिसरीवर 6. प्लेट चढवल्यावर तिन्ही रांगा शेजारीशेजारी दिसतात. सहा स्पर्शांच्या रांगेत हरितद्रव्य ‘अ’चा ठिपका लांबुळका होतो, वरची कड धारदार आणि खाली धूसर शेपूट. सिलिकेच्या जागा भरून गेल्या की उरलेले रेणू न थांबता पुढे निघून जातात, त्यामुळे त्याच द्रव्याचा आरएफही थोडा वाढलेला दिसतो. एका स्पर्शाच्या रांगेत ‘अ’ आणि ‘ब’ सुरेख सुटतात, पण तळाचं निओझँथिन दिसतच नाही, कारण ते मुळात थोडं असतं. दोन्ही हवं असेल, तर ठिपक्याऐवजी रेघ द्यावी. कॅपिलरी न उचलता हलकेच सरकवत 7-8 मिलिमीटर लांबीची आडवी रेघ काढायची. द्रव्य जास्त बसतं, पण उभ्या दिशेला जाडी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचीच राहते, आणि वेगळं होण्याचं काम त्याच दिशेला चालतं. ठिपके सुबक दिसतात म्हणून सगळे ठिपकेच देतात. पानांच्या रंगांसाठी मला रेघ जास्त आवडते.

टाकीबद्दल थोडक्यात. बीकरच्या आतून गाळणकागदाची पट्टी लावून तिला द्रावकाने भिजवायचं, वर घड्याळकाच ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आतली हवा द्रावकाच्या वाफेने भरली नाही, तर चढता चढता प्लेटवरून द्रावक उडत राहतं, कडेला जास्त आणि मध्ये कमी. मग कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर गेलेले दिसतात आणि द्रावकाची रेषा वाकडी होते. प्लेट चढत असताना टाकी उघडायचीही नाही आणि हलवायचीही नाही. द्रावक वरच्या कडेपासून सेंटिमीटरभर राहिलं की प्लेट काढायची आणि लगेच पेन्सिलने त्याची रेषा मारायची. मिनिटभराने ती कुठे होती ते सांगता येत नाही.

समजा 7:3 मध्ये चढवलेल्या अशा एका प्लेटवर द्रावक 60 मिलिमीटर गेलं. केशरी-पिवळा ठिपका 56 वर, म्हणजे आरएफ 0.93: कॅरोटीन. निळसर हिरवा 28 वर, 0.47: हरितद्रव्य ‘अ’. पोपटी 25 वर, 0.42: हरितद्रव्य ‘ब’, खालच्या कडेला लुटेन चिकटलेलं. आणखी दोन पिवळे 19 आणि 10 वर. राहिला 33 मिलिमीटरवरचा करडा ठिपका, आरएफ 0.55. जिवंत पालकाच्या पानात तो जवळजवळ नसतोच. तो आपण बनवलेला असतो.

हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लाशी गाठ पडली की तो निघून जातो आणि त्या जागी दोन हायड्रोजन बसतात. उरतं ते फिओफायटिन, करडं-तपकिरी. पालक जास्त शिजवला की भाजी मळकट दिसते, ते यामुळेच. मॅग्नेशियम गेल्यावर सिलिकेला धरायला एक जागा कमी होते, म्हणून फिओफायटिन हरितद्रव्याच्या वर जातं. पान वाटलं की पेशींतली आम्लं हरितद्रव्यापर्यंत पोचतात; ती मारायलाच वाटताना कॅल्शियम कार्बोनेट घातलं होतं. करडा ठिपका खरंच फिओफायटिनच आहे का, हे तपासायला अर्काच्या दोन थेंबांत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब मिसळून, त्याचा रंग करडा झाल्यावर वरचा थर शेजारच्या रांगेत द्यावा. दोन्ही करडे ठिपके एका उंचीला आले की प्रश्न मिटला. 365 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट दिवाही मदतीला येतो. हरितद्रव्यं आणि फिओफायटिन त्याखाली लाल चमकतात, कॅरोटीन आणि लुटेन काळपट राहतात.

पण फिओफायटिन अर्कातच होतं, की प्लेटवर चढताना तयार झालं? सिलिका स्वतःही थोडी आम्लधर्मी असते, म्हणून प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर द्यायला चौरस प्लेट घेऊन एका कोपऱ्यात ठिपका द्यायचा, प्लेट चढवायची, वाळवायची, काटकोनात फिरवून त्याच द्रावकात पुन्हा चढवायची. जे रेणू दोन्ही वेळा तेच राहिले, ते कर्णरेषेवर दिसतात. वाटेत बदललेले तिच्या बाहेर पडतात. कर्णाच्या बाहेर करडा डाग दिसला, तर दोष प्लेटचा किंवा फार वेळ उजेडात ठेवण्याचा; करडा कर्णावरच असेल, तर वाटताना घाई कमी पडली.

छापलेल्या आरएफशी आपला आकडा न जुळण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे हमखास सापडतं: पावसाळा. सिलिका हवेतली ओल शोषते आणि तिच्या ज्या जागा रंगांना धरायच्या, त्या पाण्यानेच भरतात. पकड ढिली पडते आणि सगळे ठिपके वर सरकतात. कोकणात जुलैमध्ये जे 7:3 वर जमतं, ते मराठवाड्यात एप्रिलमध्ये जमेलच असं नाही. प्लेट 105 अंशांवर अर्धा तास तापवून कोरडी करता येते, पण ठिपके देता देता ती पुन्हा ओल घेते. म्हणून आकड्यापेक्षा शेजारच्या रांगेवर भरवसा ठेवावा. ओळखीचा नमुना, उदाहरणार्थ गाजराचा पेट ईथरमधला अर्क, त्याच प्लेटवर असला की हवामानाचा परिणाम दोघांवर सारखाच होतो. उन्हाळ्यात वेगळी अडचण येते: मिश्रणाची बाटली वारंवार उघडली, की त्यातले घटक सारख्या वेगाने उडत नाहीत आणि सकाळचं 7:3 दुपारी 7:3 राहत नाही. मिश्रण रोजच्या रोज ताजं करावं.

हे सगळं तेलात विरघळणाऱ्या रंगांपुरतं आहे. लाल माठ घेऊन हाच प्रयोग केला, तर माठाचा लाल रंग खालच्या मिठाच्या पाण्यात उतरतो आणि वर येणारा अर्क पालकासारखाच हिरवा असतो. तो लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे, पेट ईथरच्या मिश्रणात तो आरंभरेषा सोडणार नाही. कोकम आणि जांभळाच्या रंगांचंही तसंच. त्यांच्यासाठी ब्युटानॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण बहुधा कागदावर किंवा सेल्युलोजच्या थरावर वापरतात. त्या रंगांना आम्ल मानवतं, हरितद्रव्याला ते मारतं. दोन्ही एका प्लेटवर दाखवण्याचा हट्ट धरू नये.

प्लेट वाळली की त्याच मिनिटाला प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलने कड काढा, शेजारी रंगाचं नाव लिहा आणि फोटो घ्या. कॅरोटीन उजेडात आणि हवेत भराभर फिकं पडतं. वहीत चिकटवलेल्या प्लेटवर काही दिवसांनी वरचा ठिपका शोधूनही सापडत नाही.